मामांच्या मसुद्यावर

नाशिकरोड



तुमचा मृत्युपत्राचा कच्चा मसुदा मिळाला. तुम्ही तो स्वतःच्या हातानं आणि साध्या कागदावर लिहिलाय, याची काळजी नको. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही आणि वकिलाशिवाय केलेलं मृत्युपत्र चालतं. माझी हरकत आहे ती तीन-चार वाक्यांवर. तलाठी म्हणून वारसांच्या नोंदी करताना असल्याच वाक्यांवरून भाऊबहीण समोरासमोर उभे राहिलेले पाहिलेत.

सगळ्यात घातक वाक्य वाचायला सगळ्यात गोड आहे: ‘राहतं घर हिला द्यावं व तिच्या पश्चात दोन्ही मुलांना.’ म्हणजे मामी घराच्या मालकीण झाल्या, की त्यांना फक्त राहायला मिळालं? मालकीण झाल्या असतील तर उद्या त्या घर विकतील किंवा एकट्या ताईच्या नावे करतील, आणि ‘मुलांना’ हा शब्द निरर्थक ठरेल. मग ताईचा वकील पहिल्या अर्ध्या वाक्यावर बोट ठेवील आणि धाकट्याचा दुसऱ्या. शिवाय ‘दोन्ही मुलांना’ यात ताई येते का? तुम्हाला तीन लेकरं आहेत, मामा!

मामींना मालकीच द्यायची असेल तर असं लिहा: ‘सदर घर माझ्या पश्चात माझी पत्नी हिच्या पूर्ण मालकीचं होईल, ते विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, बक्षीस देण्याचा किंवा त्याचं मृत्युपत्र करण्याचा तिला पूर्ण अधिकार राहील.’ आणि तिथंच पूर्णविराम द्या. पुढे ‘तिच्या पश्चात’ नको. फक्त राहण्याचा हक्क द्यायचा असेल तर लिहा: ‘घराची मालकी माझ्या पश्चात अमुक, तमुक व अमुक यांची प्रत्येकी एक तृतीयांश राहील, मात्र पत्नीला हयातभर त्यात राहण्याचा व भाडं घेण्याचा हक्क राहील, विक्री किंवा गहाण करण्याचा राहणार नाही.’ ‘अमुक’च्या जागी आधारवरचं पूर्ण नाव आणि नातं घाला. माझं मत विचाराल तर पहिलाच मार्ग धरा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 खाली बायकोला दिलेला मर्यादित हक्क पुढे पूर्ण मालकीचा ठरतो की नाही, यावर सुप्रीम कोर्टापर्यंत वर्षानुवर्षं भांडणं झालीत.

‘द्राक्षाचा मळा दादा व धाकट्याला निम्मा निम्मा’ हेही अपुरं आहे. मळा तुमच्या स्वकष्टाचा आहे म्हणून पूर्ण देता येतो. वडिलोपार्जित असता तर फक्त तुमच्या हिश्शापुरतं लिहिता आलं असतं. सातबाऱ्यावरून गट नंबर आणि हेक्टर-आरमधलं क्षेत्र उतरवा, रस्त्याकडची बाजू कोणाची ते सांगा. खरी मारामारी मात्र जमिनीवर होत नाही, पाण्यावर होते. विहीर दादाच्या बाजूला पडेल आणि मार्चमध्ये धाकट्याची बाग वाळेल. म्हणून स्वतंत्र वाक्य हवं: ‘विहिरीतील पाणी, मोटार, वीजजोडणी व पाइपलाइन यांत दोघांचा प्रत्येकी निम्मा हिस्सा राहील आणि धाकट्या मुलास विहिरीपर्यंत जाण्यायेण्याची वहिवाट राहील.’

ताईसाठी तुम्ही बँकेच्या ठेवपावतीचा नंबर टाकलाय. पावतीची मुदत भरली, तुम्ही ते पैसे काढून ट्रॅक्टर घेतला, तर तुमच्या पश्चात ती पावतीच नसेल आणि ताईच्या हाती काही येणार नाही. ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या नावे कोणत्याही बँकेत असलेल्या सर्व ठेवी’ असं लिहिलंत तर पावती बदलली तरी हक्क बदलत नाही.

नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांनी 2011 साली मृत्युपत्र केलं होतं. त्यात नमूद मालमत्तेखेरीज ठेवी आणि म्युच्युअल फंड राहिले, त्यांवर नॉमिनी होते, आणि त्यांच्या निधनानंतर प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. डिसेंबर 2023 मध्ये कोर्टानं सांगितलं की नॉमिनी झाल्यानं मालक होत नाही. म्हणून शेवटी हे हवंच: ‘वर न लिहिलेली व पुढे मिळणारी माझी सर्व मालमत्ता अमुक यास मिळेल.’ तुमच्या मसुद्यात ते नाही.

सही दोन साक्षीदारांदेखत करा, त्यांनी तुमच्यासमोर करावी. साक्षीदार वारसांपैकी किंवा सुनांपैकी नकोत, वयानं तुमच्याहून लहान असावेत. खाडाखोड झालीच तर तिथं समासात तिघांच्याही सह्या घ्या. त्यापेक्षा पान पुन्हा लिहिलेलं बरं. तारीख घाला आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असंही.

आणि मामींच्या पाटल्या सुनांमध्ये वाटण्याचं कलम काढून टाका. ते त्यांचं स्त्रीधन आहे. ते कोणाला द्यायचं हे त्या ठरवतील.

आपला भाचा