डावा गुडघा

आमच्या आज्जीला वाचता येत नव्हतं, पण महाभारत तिला तोंडपाठ होतं. जेवणं झाली की ती सोप्यात सुपारी कातरत बसायची आणि आम्ही पोरं भोवती. गांधारीची गोष्ट मी तिच्याकडून किती वेळा ऐकली असेल कुणास ठाऊक. युद्ध हातचं चाललेलं. गांधारी दुर्योधनाला म्हणते, अंघोळ करून नागवा माझ्यापुढं उभा राहा, आज मी डोळ्यांवरची पट्टी काढते, माझी नजर जिथं पडेल तिथं तू वज्राचा होशील. पोरगा निघतो. वाटेत कृष्ण भेटतो. "अरे, एवढा मोठा झालास आन् आईपुढं असाच जाणार व्हय?" दुर्योधन लाजतो, कमरेला केळीचं पान गुंडाळतो. पट्टी निघते, सगळं अंग वज्राचं होतं, तेवढ्या मांड्या राहतात.

"पर कृष्णाला कसं ठावं झालं?" मी विचारायचो.

"द्येवच त्यो. पर येक ध्यानात ठेव. वर्म घरातल्यालाच ठावं असतंय."

पुढं शिकायला गेल्यावर व्यासांचं महाभारत वाचलं, तर त्यात ही गोष्टच नाही! तिथं वनपर्वात दानव दुर्योधनाला सांगतात की तुझं वरचं अर्धं अंग शंकरानं वज्राचं केलंय आणि खालचं पार्वतीनं फुलांचं. भर सभेत त्यानं द्रौपदीला डावी मांडी उघडी करून दाखवली, तेव्हाच भीमानं ती फोडायची शपथ घेतली होती. मैत्रेय ऋषी समजावायला आले तर हा मांडीवर थापा मारत बसला, म्हणून त्यांचाही शाप. म्हणजे ज्या अंगानं माज केला त्याच अंगावर घाव. गदायुद्धात बेंबीच्या खाली मारायचं नाही हा नियम. पण भीमाच्या अंगात ताकद जास्त, तर दुर्योधनाच्या हातात सराव जास्त. तेरा वर्षं तो भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर गदा चालवत होता. सरळ लढून तो पडणार नाही हे कृष्णानं ओळखलं. अर्जुनानं स्वतःची डावी मांडी थोपटून खूण केली. घाव चुकवायला दुर्योधन उडाला आणि भीमाची गदा मांड्यांवर बसली.

गांधारीची नजरही व्यासांकडं आहे, पण ती युद्ध संपल्यावर. पट्टीच्या फटीतून ती युधिष्ठिराच्या पायांच्या बोटांवर पडते आणि त्याची नखं बिघडतात. ती नजर लोकांनी मुलाच्या अंगावर वळवली असावी. त्यांना नुसता माज आणि शिक्षा पुरली नाही. त्यात आई हवी होती. ग्रीकांचंही तसंच. होमरच्या काव्यात अकिलीजच्या टाचेचा पत्ता नाही. आईनं टाच धरून त्याला नदीत बुडवलं, धरलेली जागा कोरडी राहिली, ही गोष्ट फार नंतरची. जर्मन कथेतल्या सिगफ्रीडच्या पाठीवर पान चिकटलं होतं, तेवढी जागा कच्ची राहिली. त्याची बायको नवऱ्याला जपावं म्हणून त्या जागी कपड्यावर फुली शिवते, आणि भाला नेमका तिथंच बसतो.

ही फुली वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आमचे आबा पैलवान. आसपासच्या जत्रांत त्यांना कुणी चितपट केलेलं नव्हतं. फडात उतरले की माणसं म्हणायची, ह्यो गडी दगडाचा हाय. पण रात्री आई तव्यावर वाळू तापवून, फडक्यात बांधून, त्यांचा डावा गुडघा शेकायची. दार लावून. मी आठ वर्षांचा असेन. शेजारच्या गावच्या पैलवानाचा पोरगा माझ्या वर्गात होता. त्याच्या बापाचा खांदा निखळला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, असं तो सांगत होता. मीही फुशारकीनं बोलून गेलो, "आमचं आबा तर गुडघा सुजला तरी वरडत न्हाईत. डावा."

चैत्रातल्या जत्रेत तोच गडी आबांच्या समोर आला. हात मिळवल्या मिळवल्या खाली वाकला आणि डाव्या पायाचा एकेरी पट काढला. आबांची पाठ मातीला लागली. फडात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी कुणाला काही बोललो नाही. तीस वर्षांनी, आबा अंथरुणाला खिळल्यावर, एका रात्री सांगून टाकलं. ते बराच वेळ आढ्याकडं बघत राहिले.

"मला फडातच कळलं हुतं. त्यो गडी कायम उजव्या अंगानं यायचा. त्या दिशी शिरला त्यो थेट डावीकडं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलायचं? दगूडच असतो तर माझ्यासंगं कुस्ती कोण धरलं असतं? आन् बघाय तरी कोण आलं असतं?" मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नगंस. तिला वाटंल, शेकलं म्हणून घडलं."

स्वैपाकघरात आई वाळू तापवत होती.