तीन वर्षं पूर्ण, पण कधी?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या इमारतीत नर्सरीच्या वयाची पाच मुलं, त्यातलाच एक माझा. पाच घरांनी वेगवेगळे फोन करण्यापेक्षा मी शाळेच्या ऑफिसात विचारते आणि सगळ्यांना लिहून देते, असं ठरलं. क्लार्कबाई भराभर सांगत गेल्या, मी लाइटबिलाच्या पाठीवर उतरवत गेले. त्यावरून चार स्वच्छ ओळी काढल्या: वय तीन वर्षं पूर्ण, फी 48 हजार, शेवटची तारीख 10 जानेवारी, जन्मदाखला आणि आधार.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आमचं यंदा राहिलं हो ताई. जूनमध्ये ती पावणेतीनचीच असेल." मुलीचा जन्म सप्टेंबर 2023चा. माझ्या पोटात गोळाच आला. घरी जाऊन बिल उलटून पाहिलं, तर तिथं 'एकतीस डिसेंबरला' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ओळ सुटसुटीत करताना ते शब्द मीच गाळले होते. आपल्या राज्यात नर्सरीला ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे जून 2026च्या प्रवेशाला 31 डिसेंबर 2023 पर्यंत जन्मलेलं मूल चालतं. वहिनींची मुलगी आरामात बसत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला आणि माझी एकेक ओळ बाईंना वाचून दाखवली. तेव्हा कळलं की 48 हजारांत ट्यूशन फी आणि टर्म फी आहे. प्रवेश फी 5 हजार वेगळी, बस आणि पुस्तकंही वेगळी. खरं तर आईबापांना वर्षाच्या आकड्याआधी हवा असतो तो त्या दिवशी खिशात किती पैसे लागतील याचा आकडा. पहिला हप्ता 16 हजार, त्यात प्रवेश फी, म्हणजे 21 हजार. तो आकडा मी फीच्या ओळीत सगळ्यात आधी लिहिला. 10 जानेवारी ही फॉर्म मिळण्याची शेवटची तारीख होती. भरून द्यायला 14 पर्यंत मुदत होती.

कागदपत्रांवर मात्र मी बाईंना बराच वेळ थांबवलं. मूळ कागद फक्त दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, आणि जन्मदाखल्यावर मुलाचं नाव असायलाच हवं. हे मी ठळक लिहिलं, कारण बाळंतपणानंतर लगेच काढलेल्या दाखल्यात नावाचा रकाना पुष्कळदा रिकामाच राहतो.

नवा कागद घरोघरी दिला तेव्हा वहिनींनी कपाटातून लॅमिनेट केलेला दाखला काढला. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, सगळं होतं. मुलीच्या नावापुढे कोरी जागा. फॉर्मला अजून दोन आठवडे होते. सोमवारी सकाळी आम्ही दोघी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात रांगेत उभ्या होतो.