लेखनिकाचं मोजमाप

अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देण्याचं काम मी पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत बघते. विद्यार्थी उत्तर तोंडी सांगतो, लेखनिक ते उत्तरपत्रिकेत उतरवतो. आमचे लेखनिक बहुतेक कॉलेजातली मुलं-मुली असतात. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्या लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावं, असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामुळे वेळ असलेले, तळमळीचे निवृत्त पदवीधर आमच्याकडे येतात, पण बी.ए.च्या पेपरला त्यांना बसवता येत नाही. बसवावं लागतं ते एकोणीस वर्षांच्या मुलाला, आणि त्याची स्वतःची परीक्षाही त्याच महिन्यात असते.

या मुलांना आम्ही पैसे देत नाही. पगारवाढ नाही, मेमो नाही, हजेरीपत्रकाची सक्तीही नाही. तरी कुणावर किती विसंबायचं हे ठरवावंच लागतं, कारण शेवटच्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर कुणाच्या हाती द्यायचा हा निर्णय मला घ्यायचा असतो. तासाला निदान वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. तेवढा वेळ त्या विद्यार्थ्याचं अख्खं सत्र दुसऱ्याच्या मनगटावर अवलंबून असतं.

पहिल्यांदा कुणालाही वाटतं की विद्यार्थ्यालाच विचारावं, लेखनिक कसा होता. उत्तर ठरलेलं असतं: ‘छान होती ताई, खूप मदत केली.’ पेपर अर्धा राहिला असला तरी हेच. यात खोटेपणा नाही. फुकट आलेल्या माणसाबद्दल तक्रार कशी करायची, हा संकोच असतो, आणि पुढच्या वेळी कुणीच आलं नाही तर, ही धास्तीही असते. म्हणून आम्ही मत विचारणं बंद केलं आणि घडलेलं विचारायला लागलो. पेपर झाला की त्याच संध्याकाळी फोन जातो, आणि तो ज्याने लेखनिक ठरवून दिला त्याने करायचा नाही, दुसऱ्याने करायचा. सगळी प्रश्नपत्रिका आधी गुणांसकट वाचून दाखवली का? लिहिलेलं मध्ये परत वाचून दाखवलं का? शेवटचं उत्तर कुठे थांबलं? तू सांगितलंस त्यापेक्षा वेगळं काही लिहिलं गेलं का? असे प्रश्न विचारले की विद्यार्थी मोकळा होतो, कारण त्याला कुणाला बरं-वाईट म्हणायचं नसतं, फक्त काय झालं ते सांगायचं असतं.

शेवटच्या प्रश्नानेच आम्हाला एक मोठी गोष्ट कळली. आमच्याकडे एक फार हुशार मुलगी होती. अक्षर सुरेख, कायम वेळेच्या अर्धा तास आधी केंद्रावर हजर. तिच्याबद्दल सगळे भरभरून बोलायचे. एका विद्यार्थिनीने फोनवर सहज सांगितलं, ‘मी मागणीच्या नियमाचे अपवाद दोनच सांगितले, दीदीने तिसरा स्वतःच घातला.’ तिला ते कौतुकाने सांगायचं होतं. पण पर्यवेक्षकाच्या हे लक्षात आलं असतं तर गैरप्रकाराची कारवाई विद्यार्थिनीवर झाली असती. शिवाय ते गुण तिचे नव्हतेच.

अशा वेळी बऱ्याच संस्थांत त्या स्वयंसेवकाला पुन्हा फोनच करत नाहीत. मला हा प्रकार अन्यायाचा वाटतो. पगारी माणसाला निदान कारण लेखी मिळतं, स्वयंसेवकाला मात्र आपण नकोसे का झालो हे कधीच कळत नाही. आम्ही तिला बोलावून घेतलं आणि विद्यार्थिनीचं नाव न घेता काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘मॅडम, मला उत्तर येत होतं, हात थांबेना.’ तिचं म्हणणं खरं होतं. जिला विषय येतो तिने गप्प राहणं खरोखर अवघड असतं. मग तिला परीक्षेचे पेपर द्यायचे थांबवून पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचं काम दिलं. अर्थशास्त्रातल्या आकृत्या शब्दांत कशा सांगायच्या, मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली येतो हे ऐकणाऱ्याच्या मनात कसं उभं करायचं, यात तिचा हात धरणारं आज आमच्याकडे कुणी नाही.

भरवशाचं मोजमाप आणखी वेगळं. पूर्वी आमच्या वहीत कुणी किती पेपर लिहिले एवढंच असायचं, आणि वर्षाअखेरच्या कार्यक्रमात सर्वांत जास्त पेपरवाल्याचा सत्कार व्हायचा. आता वहीत चार रकाने आहेत: कधी विचारलं, उत्तर कधी आलं, उत्तर काय आलं आणि प्रत्यक्ष काय झालं. या रकान्यांनी चित्र पालटलं. एका मुलाने हंगामात दहा पेपरांना ‘हो’ म्हटलं आणि सात लिहिले. उरलेल्या तिन्हींचा नकार आदल्या रात्री आला. दुसऱ्याने सहांना ‘नाही’ म्हटलं, तेही विचारलं त्याच दिवशी, आणि चारांना ‘हो’ म्हणून चारही लिहिले. जुन्या हिशेबात सातवाला पुढे होता. आमच्या कामात चारवाला कितीतरी मोलाचा.

आदल्या रात्रीचा नकार काय करतो ते बाहेरून दिसत नाही. लेखनिकाचं ओळखपत्र, त्याच्या शिक्षणाचा पुरावा, कॉलेजची परवानगी हे सगळं नावानिशी झालेलं असतं. अडचणीच्या वेळी लेखनिक बदलू द्यावा अशी तरतूद सूचनांमध्ये आहे, पण सकाळी केंद्रावर नवी कागदपत्रं दाखवून ती अंमलात आणायची विद्यार्थ्यानेच. पेपर सुरू होण्याआधीच तो दमलेला असतो. ज्याच्याबरोबर दोन दिवस आधी बसून सराव केला, बोलण्याचा वेग जुळवला, तो माणूस आलेला नसतो. म्हणून विचारलं त्याच दिवशी आलेला स्पष्ट ‘नाही’ आम्ही वहीत चांगल्या बाजूला धरतो. नवीन मुलांना पहिल्या बैठकीतच हे सांगतो, कारण नकार दिला तर संस्थेला वाईट वाटेल या भिडेपोटीच खोटे होकार येतात.

सातवाल्यालाही वही उघडून दाखवली. आठवड्याला दोनच पेपर घ्यायचे असं त्यानेच ठरवलं, आणि त्यानंतर त्याचा शब्द चुकलेला नाही.

कौतुकाचं म्हणाल, तर प्रमाणपत्र देतोच. नोकरीच्या अर्जाला ते लागतं, आणि त्यावर पेपरांची संख्या आणि विषय नेमके लिहितो, ‘उत्साही व कष्टाळू’ असलं काही लिहीत नाही. पण मुलांना खरं हवं असतं ते निकालाचं कळणं. विद्यार्थ्याची परवानगी घेऊन आम्ही लेखनिकाला कळवतो की तुम्ही लिहिलेल्या पेपरात अमुक गुण पडले. नापास झाला तरी कळवतो. चारवाल्या मुलाकडे आता नव्या लेखनिकांची तयारी सोपवली आहे. तो त्यांना डोळे बांधून प्रश्नपत्रिका ऐकायला लावतो, त्याशिवाय वाचनाचा वेग किती ठेवायचा ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं आहे.

मार्चचा हंगाम जवळ आला की अशा संस्थांचे फोन कॉलेजांमधून फिरायला लागतात. तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला असा फोन आला, तर तारीख बघा, स्वतःचं वेळापत्रक बघा, आणि जमणार नसेल तर त्याच दिवशी तसं सांगा.