काळे आधी की कावळे?

उरणमधल्या एका पतसंस्थेच्या सभासद-यादीत ‘म्हात्रे’ आणि ‘पाटील’ ही दोनच आडनावं पानंच्या पानं व्यापतात. त्यांच्यामागे ठाकूर, घरत, भोईर, कोळी, गावंड. अशा यादीत आडनावावर कुणाचंच नाव सापडत नाही. आडनाव सापडलं की पुढे सभासदाचं नाव बघायचं आणि तेही सारखं असेल तर वडिलांचं. म्हणजे शोधणारा माणूस एकाच ओळीसाठी वर्णमालेतून तीन वेळा जातो. इथे अक्षरांचा क्रम चुकला, की माणूस यादीत असूनही नसल्यासारखा होतो.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. एका वर्षी संस्थेने हाताने लिहिलेला हजेरीपट बंद करून संगणकावरून यादी छापली. सहीसाठी दारापाशी तीन टेबलं मांडली होती आणि पाट्या जुन्या लेखनिकांनी रंगवल्या होत्या : ‘अ ते घ’, ‘च ते भ’, ‘म ते ज्ञ’. या लेखनिकांना सगळं गाव काका म्हणतं, मीही. पाट्या काकांच्या वर्णमालेच्या, याद्या संगणकाच्या. क्षीरसागर नावाचं कुटुंब सरळ तिसऱ्या टेबलापाशी गेलं, कारण क्ष वर्णमालेच्या शेवटी येतो हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथे त्यांचं नाव नव्हतं. बरीच शोधाशोध झाल्यावर ते पहिल्या टेबलावर निघालं, ‘कोळी’ संपून ‘खोत’ सुरू होतात त्या सांध्यावर.

दोन दिवसांनी काकांनी मला जुना हजेरीपट आणि नवी यादी असं दोन्ही समोर ठेवून बसवलं. सॉफ्टवेअर माझं नव्हतं, पण डेटाबेसची कामं मी करतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ‘क’चं पान उघडलं. हजेरीपटात क्रम होता कडू, कावळे, कासारे, काळे, केणी, कोळी. छापील यादीत कडू, काळे, कावळे, कासारे, केणी, कोळी आणि सगळ्यात शेवटी क्षीरसागर. “काळे वर कसे गेले? ळ तर ह च्या नंतर,” काका म्हणाले. गोंधळाचं मूळ त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. मला फक्त ते यंत्राच्या बाजूने दाखवायचं होतं.

डेटाबेस होता पोस्टग्रेस. त्यात `\l` ही आज्ञा दिली की प्रत्येक डेटाबेससमोर त्याचं ‘कोलेशन’, म्हणजे क्रम लावण्याचा नियम, दिसतो. तिथे `C` लिहिलेलं होतं. `C` म्हणजे कुठल्याही भाषेचा नियम नाही. प्रत्येक अक्षराला युनिकोडने जो क्रमांक दिला आहे, त्या क्रमांकांनीच यादी लागते. हा नियम वेगवान आहे आणि डेटाबेस उभारताना बरेच जण तोच निवडतात. इंग्रजी नावं सारख्याच पद्धतीने टंकलेली असतील तर त्यात काही बिघडलेलं दिसतही नाही. मराठीत मात्र ते लगेच उघडं पडतं. काकांना मी चार अक्षरांचे क्रमांक काढून दाखवले :

```sql
SELECT a, ascii(a)
FROM unnest(ARRAY['ल','ळ','व','ह']) AS a;
```

उत्तर आलं : ल 2354, ळ 2355, व 2357, ह 2361. यंत्राच्या लेखी ळ हा ल च्या शेजारी बसतो, व आणि स च्या आधी. म्हणून काळे कावळ्यांच्या आणि कासाऱ्यांच्या वर चढले. त्याच कारणाने यादीत शेळके शेवाळ्यांच्या आधी आणि थळी थवईंच्या आधी छापले गेले होते.

ळ तिथे बसवण्यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. 1980च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संगणकीय संकेतप्रणाली तयार झाली आणि 1991 मध्ये ती IS 13194 या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. देवनागरी, बंगाली, तमिळ, कन्नड अशा लिप्यांत एकाच उच्चाराच्या अक्षराला एकच घर मिळावं, म्हणजे मजकूर एका लिपीतून दुसरीत सहज नेता येईल, हा तिचा हेतू होता. त्या सामाईक मांडणीत ल, ळ आणि दक्षिणेतला ऴ एका रांगेत बसले. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988च्या आवृत्तीवरून घेतली. हे क्रमांक म्हणजे साठवणीचे पत्ते आहेत. मराठीत कोण आधी आणि कोण नंतर, हे सांगणं त्यांचं काम नाही. ते काम कोलेशनचं, आणि इथे ते कुणी नेमलंच नव्हतं.

क्ष आणि ज्ञ यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांना स्वतःचा क्रमांकच नाही. क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि ञ. हलन्ताचा क्रमांक सगळ्या मात्रांच्या नंतरचा आहे. त्यामुळे म्हात्रे हे मोकल यांच्या नंतर, म च्या शेवटी येतात आणि ते बरोबरच आहे. पण त्याच न्यायाने क्षीरसागर क च्या शेवटी जातात आणि म्हात्र्यांच्या लांबलचक रांगेत ज्ञानेश्वर हे नाव ‘जोमा’ आणि ‘झिपरू’ यांच्यामध्ये अडकतं. ज्ञानेश्वर म्हात्रे मात्र स्वतःला म्हात्र्यांच्या शेवटी शोधत असतात. हिंदी शब्दकोशांत क्ष क खाली आणि ज्ञ ज खाली असतो, म्हणजे हिंदी वाचकाला ही यादी इथे खटकणार नाही. मराठी माणूस वर्णमाला ‘ह ळ क्ष ज्ञ’ अशी संपवतो. लिपी एक असली तरी क्रम दोन आहेत, आणि म्हणून ‘देवनागरी चालते’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

पोस्टग्रेसमध्ये 2017च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू नावाच्या भाषिक संग्रहाचे नियम वापरता येतात आणि त्यात मराठीसाठी `mr-x-icu` हा तयार क्रम असतो. सोळाव्या आवृत्तीपासून त्यावर स्वतःचा नियमही लिहिता येतो. काकांच्या हजेरीपटाचा क्रम नेमका हवा म्हणून आम्ही तो शब्दशः लिहून टाकला :

```sql
CREATE COLLATION marathi_yadi (
  provider = icu,
  locale = 'mr',
  rules = '&ह < ळ < क्ष < ज्ञ'
);

ALTER TABLE sabhasad
  ALTER COLUMN aadnav TYPE text COLLATE marathi_yadi,
  ALTER COLUMN nav TYPE text COLLATE marathi_yadi;
```

तिसऱ्या ओळीनंतरची ती चार अक्षरं काकांनी चष्मा वर करून वाचली आणि त्यांना ती न सांगता कळली. मग कडूपासून क्षीरसागरांपर्यंतची नावं पुन्हा चालवली. काळे कासाऱ्यांखाली आले, क्षीरसागर यादीच्या तळाशी गेले. कोलेशन बदललं की पडताळणीसाठी अशी नावं हाताशी ठेवावीत : एक ळ चं, एक क्ष चं, एक ज्ञ चं आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचे शेजारी. शंभर सरळ नावांची यादी बघून काहीच कळत नाही, कारण ती दोन्ही नियमांत सारखीच लागते.

नव्या यादीत काकांना एक जागा पटली नाही. म्हात्र्यांमध्ये लक्ष्मण हे नाव आता ‘लता’ आणि ‘लहू’ यांच्या खाली गेलं होतं. त्यांच्या हजेरीपटात लक्ष्मण ल च्या अगदी सुरुवातीला असत. म्हणजे शब्दाच्या आरंभी क्ष ला ते स्वतंत्र अक्षर मानत, पण शब्दाच्या पोटात आला की क आणि ष चं जोडाक्षर धरत. हाताने लिहिणाऱ्याला असं करता येतं. आयसीयूचा नियम मात्र शब्दात कुठेही आलेल्या क्ष ला लागू होतो. माझं मत असं की नियम एकच असावा आणि सगळीकडे असावा, म्हणजे शोधणाऱ्याला अंदाज बांधता येतो. काकांनी ते मान्य केलं, पण लक्ष्मण नावाच्या सभासदांना सभेआधी निरोप द्यायचं ठरवूनच.

मग यादीच्या टोकाला राहिलेले वकील निघाले. नावाच्या रकान्यात ‘ॲड.’ असं आधी लिहिलेलं होतं आणि हे ॲ तीन तऱ्हांनी टंकलेलं होतं. काही ठिकाणी ॲ हे एकसंध अक्षर होतं. ते युनिकोडमध्ये 2008 साली आलं आणि त्याचा क्रमांक 2418, म्हणजे ह च्याही बराच पुढे. काही ठिकाणी अ वर वेगळी चंद्रकोर दिली होती, तर काही ठिकाणी ऍ होता, क्रमांक 2317. छापल्यावर पहिले दोन सारखेच दिसतात. जुन्या `C` क्रमात मात्र एक वकील अ च्या शेवटी, एक ए च्या आधी आणि एक ह च्या नावांच्याही पलीकडे गेला होता. हे दुखणं कोलेशन बदलून जात नाही. क्रम सुधारला तरी शोधताना एका रूपात टंकलेलं नाव दुसऱ्या रूपाला सापडत नाही, कारण साठवलेली चिन्हंच वेगळी असतात. 2009च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ॲ ला जागा दिली आहे, म्हणून तेच रूप धरून बाकीची बदलून घेतली :

```sql
UPDATE sabhasad
SET nav = replace(replace(nav, 'अॅ', 'ॲ'), 'ऍ', 'ॲ');
```

आणि ‘ॲड.’, ‘डॉ.’, ‘श्रीमती’ यांना स्वतंत्र रकाना दिला.

एक सावधगिरी संस्थेच्या तंत्रज्ञाला लिहून द्यावी लागली. डेटाबेसची अनुक्रमणिका ज्या नियमाने बांधली त्याच नियमावर ती चालते. रकान्याचं कोलेशन बदललं तेव्हा पोस्टग्रेसने ती आपोआप नव्याने बांधली. पण उद्या सर्व्हर अद्ययावत होऊन आयसीयूची आवृत्ती बदलली, तर नियम थोडा सरकू शकतो आणि जुनी अनुक्रमणिका चुकीच्या जागी शोधू लागते. नाव तक्त्यात असतं आणि शोधाला सापडत नाही. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ संग्रहाने 2018 मध्ये 2.28 आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले, तेव्हा जगभर अनेकांना हाच अनुभव आला. असा बदल झाला की पोस्टग्रेस इशारा देतं. त्यावर आधी `REINDEX` आणि मग `ALTER COLLATION marathi_yadi REFRESH VERSION` चालवायचं, या क्रमाने.

संस्थेचं मोबाइलवरचं ॲप मायएसक्यूएलवर चालतं आणि तिथे हा उपाय लागू पडला नाही. मायएसक्यूएलच्या तयार कोलेशनांत स्वीडिश आहे, तुर्की आहे, व्हिएतनामी आहे, मराठी नाही. तिथे प्रत्येक सभासदाला पोस्टग्रेसमधून काढलेला क्रमांक देऊन एक पूर्णांकाचा रकाना भरला आणि यादी त्या रकान्यावर लावली. नवा सभासद आला की रात्री तो क्रमांक पुन्हा मोजला जातो. छापील यादीतही हाच क्रमांक पहिल्या रकान्यात ठेवला, कारण छपाईआधी ती एक्सेलमध्ये उघडली जाते आणि तिथे कुणी नावावर क्रम लावला तर एक्सेल आपल्या नियमाने लावतं. आता क्रम लावायचा तो पहिल्या रकान्यावर, असं काकांनी टेबलापाशी चिकटवलं आहे.