कचऱ्यातून खेळ : मोठ्या मुलांसाठी सहा दिवसांची कार्यशाळा



मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. टाकाऊतून टिकाऊ हा उपक्रम आपण सगळेच घेतो. मीही पहिल्या वर्षी घेतला. मुलांनी बाटलीचं विमान केलं, काडेपेटीचं घर केलं, छान प्रदर्शन मांडलं, फोटो काढले. सोमवारी सकाळी बघतो तर सगळी विमानं वर्गामागच्या कचराकुंडीत! कचरा आठवडाभर फिरून पुन्हा कचऱ्यातच गेला होता. सातवीतला एक मुलगा सरळ म्हणाला, "सर, हे तर बालवाडीचं आहे."

त्याचं खरं होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला नुसती दिसायला छान वस्तू नको असते. त्याला हरायला-जिंकायला काहीतरी लागतं. म्हणून पुढच्या वर्षी मी एकच अट बदलली. वस्तू बनवून थांबायचं नाही, तिचा खेळ झाला पाहिजे, आणि बनवणारा जवळ नसतानाही दुसऱ्याला तो खेळता आला पाहिजे. अनेक खेळणी करण्याऐवजी आठवडाभर एकच खेळणं घेतलं : दोऱ्याच्या रिकाम्या रिळाची, रबरावर चालणारी गाडी. रोज शेवटच्या दोन तासिका, बावीस मुलं, तिघा-चौघांचे गट. विकत फक्त चिकटपट्टी आणि रबरबँड आणले.

सोमवार : गोळा करणे आणि निवडणे

मुलांना नुसतं "कचरा आणा" म्हणू नका, यादी द्या. आमची यादी अशी होती : शिंप्याकडची रिकामी प्लॅस्टिकची रिळं, मेणबत्तीचे उरलेले तुकडे, वापरलेल्या काड्या, सायकलची फाटकी ट्यूब, पुठ्ठा, आणि पऱ्हाटीची किंवा तुरीची वाळलेली बारीक काडी. आपल्याकडे वेचणीनंतर पऱ्हाटीला काय तोटा!

इथे एक गोष्ट जपून सांगतो. एका मुलाने जाड बुचाची एक मजबूत पांढरी बाटली आणली. "चाकाला भारी आहे सर," म्हणाला. ती कपाशीवर फवारायच्या औषधाची होती. घरी धुऊन आणली होती, तरीही ती परत करायला लावली. धुतल्याने अशी बाटली खेळायच्या लायकीची होत नाही. मग तिच्यावरची खूण सगळ्यांना दाखवली. तिरका उभा चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत जहाल. पण हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही, तेही विषच. ही खूण दिसली की डबा, बूच, पिशवी काहीच हातात घ्यायचं नाही. सुया, ब्लेड, फुटकी काच आणि जुने सेलही यादीबाहेर ठेवा. आमच्या भागात सोमवारचा हा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा आहे, असं मला वाटतं.

मंगळवार : गाडी बनवणे

कृती सोपी आहे. रिळाच्या भोकातून रबरबँड ओवायचा. तो न ताणता रिळाच्या लांबीपेक्षा थोडा आखूड हवा. लांब असेल तर दुहेरी करा. एका बाजूला रबराच्या फासात अर्धी काडी अडकवून ती रिळाला चिकटपट्टीने पक्की करायची. काडी रिळाच्या कडेबाहेर येता कामा नये. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची अर्धा सेंटिमीटर जाड चकती लावायची आणि तिच्या मधल्या भोकातून रबराचा फास बाहेर काढायचा. त्या फासात पऱ्हाटीची 8 ते 10 सेंटिमीटर काडी घालायची. तिचं एक टोक जमिनीला टेकेल इतकं बाहेर ठेवायचं. काडी गोल गोल फिरवून पीळ द्यायचा आणि गाडी खाली सोडायची.

चकतीला भोक पाडताना मेण तडकतं. त्यासाठी मी स्वतः सुई तापवून भोकं पाडून दिली. हे काम मुलांकडे देऊ नका.

बुधवार : न चालणाऱ्या गाड्या

मंगळवारी सात गटांपैकी दोनच गाड्या चालल्या. पूर्वी मी लगेच हात घालून दुरुस्त करून दिल्या असत्या. या वेळी फळ्यावर फक्त लिहिलं : "गाडी काय करते ते लिहा." मुलांनी लिहिलं ते असं.

एक गाडी जागेवरच फुर्रकन फिरून थांबत होती. रिळाची कड गुळगुळीत आणि आमची शहाबादी फरशीही गुळगुळीत, म्हणून रीळ घसरत होतं. दुसरी अजिबात हलत नव्हती. त्या गटाने मेणाची चकतीच लावली नव्हती, काडी सरळ रिळावर घासत होती. "सर, हाई गाडी पुढे कसाले जात नही?" विचारणाऱ्या मुलीला मी चकती काढून आणि लावून काडी फिरवून बघायला सांगितलं. बोटालाच फरक कळला, मला काही समजवावं लागलं नाही. तिसरी गाडी दर फेऱ्याला लंगडत होती, कारण आतली अर्धी काडी कडेबाहेर आली होती. चौथीत रबर इतकं आखूड होतं की दहा पीळही बसत नव्हते. पाचवीतली काडी आखूड होती, ती जमिनीला न टेकता हवेतच गरगरत होती.

बाजूला काडी असल्यामुळे सगळ्याच गाड्या काडीच्या बाजूला थोड्या वळतात. हा दोष पूर्ण जात नाही. मुलांनी त्यावर उपाय काढला : गाडी सोडतानाच थोडी उलट्या बाजूला तोंड करून ठेवायची.

गुरुवार : किती पीळ, किती अंतर?

मला हा दिवस सगळ्यात आवडला. मी विचारलं, "गाडी किती लांब जाईल हे कशावरून ठरतं?" सगळे म्हणाले, "जोरावर." मग एका गटाची गाडी घेऊन मोजायला लागलो. वाट वाकडी असते म्हणून वाटेवर दोरा ठेवून मग दोरा मोजला.

10 पिळांना 70 सेंटिमीटर, 20 पिळांना 1 मीटर 62, 30 पिळांना 2 मीटर 53. ज्याने बालवाडीचं म्हणून नाक मुरडलं होतं, त्याच्या धाकट्या भावाने यात लक्ष घातलं. कापूस वेचणीच्या दिवसांत हा मुलगा दिवसाआड शाळेत येतो, गणितात मागे आहे. पण वडील शिंपीकाम करतात, रिळं त्याच्याच घरून आली होती, म्हणून त्या आठवड्यात तो रोज आला. तो म्हणाला, "सर, काडी तर फिरतच नाही. ती घासत जाते. रीळच फिरतं."

झालं! काडी फिरत नाही म्हणजे एका पिळाला रीळ एकच फेरा मारणार. एका फेऱ्यात रीळ आपल्या परिघाइतकं पुढे जाणार. सातवीचं वर्तुळ फळ्यावरून फरशीवर आलं. रिळाचा व्यास 3 सेंटिमीटर, परीघ 3 × 3.14 म्हणजे साधारण 9.4. दहा पिळांना 94 हवेत, आले 70. वीसला 188 हवेत, आले 162. तीसला 282 हवेत, आले 253. दर वेळी साधारण अडीच-तीन फेरे कमीच. का? सैल झाल्यावर रबरात थोडा पीळ उरतो, पण गाडी ढकलण्याइतका दम त्यात नसतो. थांबलेली गाडी उचलली की काडी अजून थोडी फिरते, हे मुलांनी करून पाहिलं.

मग 40 पीळ दिले. सगळ्यांना साडेतीन मीटरची अपेक्षा, गाडी गेली जेमतेम दोन मीटर. सुरुवातीला पीळ इतका जोराचा की रीळ जागेवरच घसरलं आणि पंधराएक फेरे वाया गेले. सायकलच्या ट्यूबच्या दोन बारीक रिंगा कापून रिळाच्या दोन्ही कडांवर चढवल्या, तेव्हा ती 3 मीटर 75 गेली. रिंगांनी व्यासही वाढला होता : 3.2 सेंटिमीटर, परीघ जवळजवळ 10. आता हिशोब तोंडी झाला. एका पिळाला 10 सेंटिमीटर, आणि शेवटचे अडीच-तीन पीळ फुकट.

शुक्रवार : नियम ठरवणे

सगळ्यात लांब जाईल तो जिंकला, असा खेळ ठेवला तर सगळे जास्तीत जास्त पीळ देतात आणि रबरं तुटतात. म्हणून आम्ही अंदाजाचा खेळ केला. दोन मीटरवर खडूची रेघ. गाडी सोडण्याआधी गटाने पीळ जाहीर करायचे. रेघेपासून 5 सेंटिमीटरच्या आत थांबली तर 3 गुण, 10 च्या आत 2, 20 च्या आत 1. वाट दोन फूट रुंद, बाहेर गेली तर शून्य. नियमांवर भांडणं झाली : गाडीचं पुढचं टोक धरायचं की काडी? मुलांनी मत घेऊन रीळ ठरवलं. "दोन मीटरला साडेबावीस पीळ," हा हिशोब शिंप्याच्या मुलाने सांगितला आणि त्याची गाडी 4 सेंटिमीटर अलीकडे थांबली.

मग प्रत्येक गटाने नियम कागदावर लिहिले. मराठीचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

शनिवार : दुसऱ्यांच्या हातात

पाचवीच्या मुलांना गाड्या आणि नियमांचे कागद दिले. सातवीच्या मुलांनी बोलायचं नाही, फक्त बघायचं. तीन गटांचे कागद पाचवीला कळलेच नाहीत. एकाने "पीळ द्या" लिहिलं होतं, पण कोणत्या बाजूला ते नव्हतं. तिन्ही गटांनी तिथेच बसून कागद पुन्हा लिहिले. शेवटी बुटांच्या खोक्यात गाड्या, नियम, चार जादा रबरं आणि खडू ठेवून ते खोकं पाचवीच्या वर्गाला दिलं.

एक मर्यादा सांगतो. आपल्या उन्हाळ्यात रबरबँड फार टिकत नाही, वाळून तुटतो. म्हणून जादा रबरं डबीत पावडर लावून ठेवा आणि मार्चनंतर गाड्या बदलायची तयारी ठेवा.

यामागची वाट जुनी आहे. आयआयटी कानपूरला शिकलेले आणि पुण्यात टेल्कोमध्ये काम केलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी मुलांसाठी अशी शेकडो खेळणी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढच्या सोमवारी मी कचराकुंडी मुद्दाम पाहिली. तिच्यात एकही रीळ नव्हतं. मधल्या सुट्टीत पाचवीची मुलं व्हरांड्यात रेघ मारून बसली होती, आणि शिंप्याचा मुलगा त्यांचा पंच होता. मंगळवारी मात्र तो कापूस वेचायला गेला. बुधवारी आल्या आल्या त्याने विचारलं, "सर, काल कोण जिंकलं?"