‘नाही’ ऐकायची तयारी

मत्सर घरात सहसा स्वतःच्या नावाने बोलत नाही. तो काळजीच्या तोंडून बोलतो: “इतक्या रात्री रस्ता किती सुनसान असतो.” सोसायटीच्या तोंडून बोलतो: “लोक बघतात, मग बोलतात.” मुलांच्या तोंडूनही बोलतो: “झोपेपर्यंत आई आई करत होती ती.” जोडपी माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा वाद या वरवरच्या विषयांवर चाललेला असतो, आणि गंमत म्हणजे त्यांतला प्रत्येक विषय सुटण्यासारखा असतो. रस्ता सुनसान असेल तर रिक्षा करता येते, मुलीला झोपवायला आजी येऊ शकते. पण एक सुटला की दुसरा उभा राहतो. असं होताना दिसलं की मी समजते, खरी गोष्ट अजून कुणी बोललेलीच नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत. नाशिकमधलं जोडपं, दोघंही पस्तिशीच्या आसपास, पदरात पहिलीतली मुलगी. बायको बँकेत नोकरीला. कॉलेजात सुटलेलं नाटक तिने पुन्हा धरलं होतं. हौशी मंडळींचा संच राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची तयारी करत होता. तालीम रात्री साडेदहापर्यंत चालायची आणि दिग्दर्शक त्याच वाटेने जात असल्यामुळे तिला बाईकवरून सोडायचा. नवरा घरी मुलीचं जेवण, गृहपाठ सगळं बिनतक्रार करत होता. पण तालमीच्या वेळेवर त्याने आक्षेप घेतला, मग बाईकवर, मग बँकेतल्या कामावर परिणाम होईल यावर. ती प्रत्येक वेळी काहीतरी तोडगा काढायची. शेवटी वैतागून म्हणाली, “तुला नाटकच नकोय, असं सरळ सांग ना.” आणि त्याला तर नाटक हवं होतं. लग्नाआधी तिचे प्रयोग बघायला तोच पहिल्या रांगेत बसायचा.

अशा वेळी मी मत्सर वाटणाऱ्या माणसाला आधी एकट्याने कागद घेऊन बसायला सांगते. कागदावर तीन रकाने: काय पाहिलं, त्यावरून मनाने काय रचलं, आणि भीती कसली वाटली. पहिला रकाना सगळ्यांना सोपा वाटतो आणि सगळे तिथेच अडकतात. या गृहस्थाने पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, “ती त्याच्यासोबत फार खुलते.” हे पाहिलेलं नव्हे, हा निष्कर्ष आहे. गेटवरच्या कॅमेऱ्याला काय दिसलं असतं? तर मंगळवारी रात्री पावणेअकराला ती बाईकवरून उतरली, दोघं गेटपाशी पाचेक मिनिटं बोलत उभे होते, ती मोठ्याने हसली, आणि नवरा गॅलरीतून बघत होता. एवढंच. “फार खुलते” हे दुसऱ्या रकान्यात गेलं. त्याच्याच खाली “माझ्याशी बोलायला तिच्याकडे काही उरत नाही” आणि “उद्या याच्यात गुंतेल” हेही गेलं.

तिसऱ्या रकान्याला वेळ लागतो. त्याने आधी लिहिलं, “राग.” मी विचारलं, राग यायच्या आधी अंगात काय झालं? म्हणाला, पोटात खड्डा पडला. तिथून पुढे हळूहळू जे निघालं ते बाईकबद्दल नव्हतंच. ती दुसऱ्या पुरुषाला स्पर्श करेल ही भीती होती, पण लहान. मोठी भीती अशी की तिच्या दिवसातला सगळ्यात जिवंत तुकडा आता मला माहीतच नसतो, मला उरतं ते सामानाच्या यादीपुरतं बोलणं. ही भीती सापडल्याशिवाय बोलायला बसू नये. कारण ती सापडली नाही तर मागणी चुकीच्या जागी जाते, आणि बाईक बंद होऊनही पोटातला खड्डा तसाच राहतो.

मग वाक्य. हे आम्ही खोलीत बसून अक्षरशः खोडून खोडून लिहितो. त्याचा पहिला खर्डा होता, “तू हल्ली मला गृहीत धरतेस.” हा सरळ आरोप आहे, हे त्यालाही कळलं. दुसरा होता, “मला असं वाटतं की तू मला टाळतेस.” सुरुवातीला ‘मला वाटतं’ आलं म्हणून भावना सांगितली, असा पुष्कळांचा समज असतो. पण मागोमाग ‘की तू’ आलं की पुढे निकालच येतो. तिसरा खर्डा जास्त फसवा: “मला एकटं टाकल्यासारखं वाटतं.” यात ‘तू’ कुठेच नाही, तरी टाकणारं कुणीतरी आहे आणि ऐकणारीला ते कोण हे लगेच कळतं. तिने उत्तर दिलं असतं ते टाकण्याबद्दल, एकटेपणाबद्दल नव्हे.

चौथ्यांदा लिहिलं ते असं: “मंगळवारी तुम्ही गेटपाशी हसत उभे होतात, तेव्हा मी गॅलरीत होतो. माझ्या पोटात खड्डा पडला. मी जळलो, खरं सांगतो. तू काही चुकीचं केलंस असं मला म्हणायचं नाही. तुझं सगळं छान छान तिकडे घडतं आणि मला त्यातलं काही कळत नाही, याची मला भीती वाटते.” पाच वाक्यं. ‘जळलो’ हा शब्द त्याचा स्वतःचा. मी सुचवला असता तर ‘असुरक्षित’ वगैरे काहीतरी गुळगुळीत आलं असतं. घरात जो शब्द खरा वाटतो तोच वापरावा. तो उच्चारताना थोडी लाज वाटते, आणि त्या लाजेमुळेच समोरच्याला कळतं की आपल्यावर हल्ला होत नाहीये.

हे बोलायचं कधी, हा प्रश्न छोटा आहे पण त्यावरून पुष्कळ काही बिघडतं. रात्री अकराला, ती चपला काढत असताना, नक्कीच नाही. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांचे वाद प्रयोगशाळेत चित्रित करताना त्यांची नाडीही मोजली. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणूस धड ऐकू शकत नाही, आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, असं ते सांगतात. तेव्हा ज्या क्षणी मत्सर उसळतो त्या क्षणी तो सांगायचा नसतो. दुसऱ्या दिवशी विचारावं, “मला माझ्याबद्दल काही सांगायचंय, भांडायचं नाहीये. आज रात्री बसूया की रविवारी?” वेळ तिने निवडावी. आणि सांगून झाल्यावर थांबावं. बहुतेक जण इथे घसरतात. समोरून दोन क्षण उत्तर आलं नाही की पुरावे जोडायला लागतात: “आणि त्या दिवशी तर...” पहिल्या पाच वाक्यांनी कमावलेलं सहावं वाक्य घालवतं.

यानंतर येते विनंती, आणि माझ्या मते सगळं कसब इथेच आहे. ‘त्याच्या बाईकवरून येऊ नकोस’ हा तिसऱ्या माणसाबद्दलचा नियम झाला. तो पाळला जातोय का हे पाहायला पहारा ठेवावा लागतो. ‘तालमीत काय झालं ते मला सांगत जा, झोपण्याआधी दहा मिनिटं’ ही दोघांमधली गोष्ट झाली, आणि ती थेट त्याच्या भीतीला लागू पडते. पण हीसुद्धा विनंती आहे की हुकूम, हे शब्दांवरून ठरत नाही. मार्शल रोझेनबर्ग यांनी अहिंसक संवादाच्या पद्धतीत याची एक कसोटी दिली आहे: समोरच्याने नकार दिल्यावर मागणारा काय करतो ते पाहा. त्याने दोष दिला, टोमणा मारला किंवा अपराधी वाटायला लावलं, तर ती मुळात विनंती नव्हतीच.

म्हणून मी बोलण्याची तालीम घेते तेव्हा नकाराचीही घेते. बायकोच्या जागी मी बसते आणि म्हणते, “नाही रे, रात्री मी पार दमलेली असते.” या गृहस्थांचं पहिलं उत्तर होतं, “बरं, राहू दे. नाटकाला दम असतो, माझ्यासाठी नसतो.” हे ऐकून तेच दचकले. आवाज चढलेला नव्हता, शब्द सभ्य होते, आणि तरी ती शिक्षा होती. ‘ठीक आहे, जा तू’ म्हणून दोन दिवस अबोला धरणं, डोळ्यांत पाणी आणून खोलीबाहेर जाणं, ही त्याच शिक्षेची भावंडं. नंतर त्यांनी जमवलेलं उत्तर साधं होतं: “बरं. मग तुला कधी सोयीचं पडेल?” घरी प्रत्यक्षात तिने रात्रीला नकारच दिला आणि सकाळच्या चहाची वेळ दिली. वीस मिनिटं, मुलगी उठायच्या आधी. बाईक चालूच राहिली.

इथे एक इशारा देते, कारण हल्ली समुपदेशनाची भाषा सगळ्यांना येते. “मला असुरक्षित वाटतं, तेव्हा तू त्याच्याशी बोलणं बंद कर, एवढी माझी गरज आहे” हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि आशयाने दडपशाही. भावना माझी आहे म्हणजे तिचं ओझंही आधी माझं. ते हलकं करायला मदत मागता येते, पण दुसऱ्याचं आयुष्य आखडून घेऊन नव्हे.

गोष्ट बिघडते आहे हे ओळखायच्या माझ्या दोन खुणा आहेत. पहिली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येणं. “तुमच्यात काही नाही ना?” याचं उत्तर मिळालं की बरं वाटतं, पण ते बरं वाटणं फार टिकत नाही, आणि प्रत्येक वेळी विचारण्यातलं अंतर कमी होत जातं. असं व्हायला लागलं की जोडीदाराकडून आणखी आश्वासनं मिळवून उपयोग नसतो; ती बेचैनी स्वतः सहन करायला शिकावं लागतं, त्यासाठी वेगळी मदत घ्यावी लागते. दुसरी खूण समोरच्याच्या बोलण्यात दिसते. ती सांगताना नावं गाळायला लागते. ‘आम्ही सगळे’ चहाला गेलो, म्हणते. कोण कोण ते सांगत नाही. लपवण्यासारखं काही असतं म्हणून नव्हे, तर नाव घेतल्यावर घरातली हवा बदलते म्हणून. चहाच्या वेळेला सांगणं असं हजेरीसारखं व्हायला लागलं, तर विनंतीचा हुकूम झालेला आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. दोघांनी ठरवलेलं काही खरोखर मोडलं असेल, खोटं बोललं गेलं असेल, तर तो मत्सराचा विषय राहत नाही. तिथे ‘माझी भीती’ वगैरे मऊ बोलून मुद्दा झाकू नये, सरळ विचारावं. आणि जिथे फोन तपासला जातो, लोकेशन मागितलं जातं, पैसे अडवले जातात, बाहेर जायची धास्ती वाटते, तिथे जोडप्याला एकत्र बसवून वाक्यं घडवणं धोक्याचंच ठरतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीइतकाच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. अशा बाईला मी आधी एकटीला भेटते, आणि १८१ या महिला हेल्पलाइनचा नंबर देते.

नाशिकच्या त्या गृहस्थांचा मत्सर गेला का, असं मला विद्यार्थी विचारतात. नाही गेला. प्रयोगाच्या रात्री दिग्दर्शकाने तिला सर्वांसमोर शाबासकी दिली तेव्हा पोटात पुन्हा खड्डा पडला, असं त्यांनीच सांगितलं. मात्र ते त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं, काही न मागता. ती हसून म्हणाली, “अरे, मलाही दिसलं तुझं तोंड,” आणि दिग्दर्शकाचं नाव घेऊन पुढचं सांगत राहिली. मी मोजते ते एवढंच: नाव घेताना ती अडखळली नाही.