आरंभबिंदूतून न जाणारी रेषा

अकरावीच्या प्रयोगवहीत साध्या लंबकाचा एक प्रयोग असतो. दोऱ्याला गोळा टांगायचा, त्याची लांबी बदलत जायची, झोके मोजायचे आणि शेवटी गुरुत्व त्वरण काढायचे. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. पण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत त्या काळी गणिताचे मास्तर मिळत नसत, म्हणून गणित-विज्ञानाचे तासही वर्षानुवर्षे माझ्याकडेच राहिले. त्यामुळे हा प्रयोग अंगवळणी पडलेला आहे.

परवा शेजारची एक मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "आबा, माझी रेषा झिरोतून जाऊनच नाही राह्यली. मैत्रिणी म्हणतात, रीडिंग बदलून टाक. काहून असं होते?"

मी म्हटलं, रीडिंगला हात लावू नको. आधी आपण घरी करून पाहू.

गोळा नव्हता, म्हणून गवंड्याचा ओळंबा घेतला. दोरा खिळ्याला नुसता बांधला तर झोक्याबरोबर गाठ सरकते आणि लंबक नेमका कुठून लोंबतो हेच कळत नाही. त्यासाठी पडवीच्या वाशाला दोन लाकडी चिपा ठोकल्या आणि दोरा त्यांच्यात घट्ट दाबला. तिने लांबी मोजली ती चिपांपासून ओळंब्याच्या वरच्या गाठीपर्यंत, म्हणजे कॉलेजात मोजली होती तशीच. मी मुद्दामच काही बोललो नाही.

दोरा ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटिमीटर ठेवला. प्रत्येक वेळी वीस झोके मोजले. वेळ आली अनुक्रमे २६.२, ३१.७, ३६.५, ४०.७ आणि ४४.४ सेकंद. विसाने भागले की एका झोक्याचा आवर्तकाल मिळतो. सूत्र असे:

T² = (4π²/g) × L

आवर्तकालाचा वर्ग लांबीच्या सम प्रमाणात वाढतो. नुसत्या आवर्तकालाचा आलेख काढला तर वाकडी रेघ येते आणि वाकड्या रेघेवरून डोळ्यांना काही ठरवता येत नाही. वर्ग घेतला की ती सरळ होते. आमचे वर्ग आले १.७२, २.५१, ३.३३, ४.१४ आणि ४.९३.

आता गंमत पाहा. फक्त पहिले वाचन सूत्रात घातले तर गुरुत्व त्वरण येते ९.२०. फक्त शेवटचे घातले तर ९.६१. एकच वासा, एकच ओळंबा, एकच मुलगी, आणि लांबी वाढेल तसे उत्तर वाढते आहे. हाताची चूक असती तर उत्तरे वरखाली झाली असती. ती एकाच दिशेने सरकतात, याचा अर्थ प्रत्येक लांबीत सारखीच काहीतरी उणीव आहे, आणि आखूड दोऱ्यात ती जास्त बोचते.

मग आलेख काढला. ठिपके एकमेकांना जोडायचे नाहीत, हे आधी सांगावे लागले. पारदर्शक पट्टी ठेवून ती अशी फिरवायची की काही ठिपके थोडे वर, काही थोडे खाली राहतील. चढ काढायला दोन बिंदू घ्यायचे ते रेषेवरचे आणि शक्य तितके लांबचे. आपली वाचने नव्हेत. २० सेंटिमीटरला रेषा ०.९१ वर होती आणि १२० ला ४.९४ वर. एक मीटरमागे वाढ ४.०३, हाच चढ. 4π² म्हणजे ३९.४८, त्याला ४.०३ ने भागले की येतात ९.८०.

तीच वाचने, आणि उत्तर ९.८०! पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली.

कारण साधे आहे. प्रत्येक लांबी सारख्याच मापाने कमी धरली गेली, तर अख्खी रेषा बाजूला सरकते, पण तिचा चढ बदलत नाही. दोन घरांतले अंतर मोजताना मैलाचा पहिला दगड कुठे रोवला याने काय फरक पडतो? आणि रेषा किती सरकली यावरून ती उणीवही कळते. आमची रेषा मागे वाढवली तर ती लांबीचा अक्ष शून्याच्या डावीकडे साधारण अडीच सेंटिमीटरवर कापत होती. ओळंबा पेन्सिलीवर आडवा ठेवून तोल साधला, तर त्याचा गुरुत्वमध्य गाठीपासून जवळजवळ तेवढाच निघाला. लांबी मोजायला हवी होती ती तिथपर्यंत.

आणि मैत्रिणींचे ऐकून रेषा जबरदस्तीने आरंभबिंदूतून नेली असती तर? तोही हिशोब केला. ९.५३ आले.

पण चढावर आंधळा विश्वासही नको. तो सारख्या मापाची चूक पोटात घालतो, सारख्या प्रमाणातली नाही. मुले लंबक सोडताना "एक" म्हणतात. खरे तर "शून्य" म्हणायला हवे. "एक" म्हटले की वीस मोजून प्रत्यक्षात एकोणीसच झोके होतात. ही चूक दर वेळी झाली तर रेषा छान सरळ येते, तक्रारीला जागाच राहत नाही, आणि उत्तर येते १०.८ च्या आसपास. वहीत १०.८ दिसले की मी आधी मोजणीच विचारत असे. तसेच झोक्याचे. तीस अंशांचा मोठा झोका दिला तर आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर साडेतीन टक्क्यांनी घसरते. दहा अंशांच्या आत राहिले तर हा फरक नगण्य.

तिचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. "पण आबा, पुस्तकात तर ९.८१ आहे?"

९.८१ हा लंडन-पॅरिसकडचा आकडा. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, म्हणून तिकडे ओढ कमी. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच माणूस पॅरिसचे लंबकाचे घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तर ते दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. आपले वर्धा विसाव्या अक्षांशाच्या थोडे वर. इथले मूल्य साधारण ९.७९ भरते. पृथ्वीचा हाच आकार जमिनीवरून मोजत मद्रासकडून निघालेला विल्यम लॅम्ब्टन १८२३ च्या जानेवारीत आपल्याच हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. पुढे त्याच सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन बेसेवीने १८६५ पासून देशभर लंबक झुलवून गुरुत्व मोजले आणि तेच काम करताना १८७१ मध्ये लडाखच्या थंडीत प्राण सोडला.

आमच्या पडवीतल्या प्रयोगाला मात्र ९.७९ आणि ९.८१ यांतला फरक दिसत नाही. स्टॉपवॉच दाबण्यात दहावा भाग सेकंद मागेपुढे होतोच. वीस झोक्यांत तेवढी चूक म्हणजे उत्तरात शेवटी पाच-सात शतांश इकडेतिकडे. तेव्हा आमचे ९.८० हे नशिबाने जरा जास्तच गोड आले, असे मी तिला सांगितले. शंभर झोके मोजले तर ती चूक पाचपट कमी होते. पण मग लांबीही मिलिमीटरपर्यंत नेमकी हवी, आणि सुती दोरा ओळंब्याच्या वजनाने ताणला जातो.

आता ती मासेमारीची नायलॉन दोरी शोधते आहे. मी म्हटलं, ती तर सुतापेक्षाही जास्त ताणते. बारीक तार बघ, आणि लांबी ओळंबा टांगल्यावरच मोज.